२००० एमबीची डिस्क ४० वर का रखडते: केबल, पोर्ट की केसिंग?

मिरजेतला माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ करतो. गेल्या हंगामात त्याने एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली आणि ती यूएसबीने जोडायला वेगळं केसिंग घेतलं. केसिंगच्या खोक्यावर ठळक छापलेलं होतं: २० जीबीपीएस, सेकंदाला २००० एमबी. दोन दिवसांचं लग्न, दोन कॅमेरे, मिळून २४० जीबी फुटेज. ते त्याने कॉम्प्युटरवरून या डिस्कवर कॉपीला लावलं आणि जेवायला गेला. जेवून, पान खाऊन परत आला तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच. शेवटी एक तास चाळीस मिनिटं लागली. रात्री मला फोन. "दादा, दुकानदाराने डुप्लिकेट माल मारला."

"कॉपी चालू असताना आकडा किती दिसत होता?"

"चाळीस. कधी एकोणचाळीस, कधी एकेचाळीस."

"मग माल बरोबर आहे. केबल कुठली लावलीस?"

थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "मोबाईलची."

हे फोनवर ओळखता आलं यात माझी काही हुशारी नाही. डिस्क खराब असेल तर आकडा वर-खाली नाचतो, मध्येच शून्यावर जातो, कॉपी तुटते. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत चाळीसच्या आसपास सपाट चालणारा आकडा हा डिस्कचा नसतो, तो वाटेचा असतो. बाहेरच्या डिस्कची वाट चार तुकड्यांची असते: कॉम्प्युटरचा पोर्ट, केबल, केसिंगमधली चिप आणि आतली डिस्क. यातला सगळ्यात अरुंद तुकडा जितका, तितकाच वेग. प्रत्येक तुकडा अडवतो तेव्हा आकडा ठरावीक जागी येऊन थांबतो, त्यामुळे नवीन काही विकत घेण्याआधी तो आकडा वाचायला शिकलं की निम्मं काम होतं.

चाळीस कुठून आले

खोक्यावर लिहिलेले जीबीपीएस म्हणजे सेकंदाला गिगाबिट, आणि कॉपीच्या खिडकीत दिसतो तो वेग मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आधी आठने भागायचं. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. त्यातला बराच भाग दोन्ही बाजूंच्या आपसातल्या बोलण्यात आणि वाट बघण्यात जातो, हातात पडतात साधारण ३५ ते ४२. भावाचे २४० जीबी चाळीसने भागले तर ६००० सेकंद येतात, बरोबर शंभर मिनिटं. त्याची तक्रार आणि हा हिशोब मिनिटाला मिनिट जुळत होता.

म्हणजे २००० एमबीचं केसिंग आणि कॉम्प्युटर, दोघंही सन २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० ची भाषा बोलत होते. कारण मधल्या केबलमध्ये त्याहून नव्या भाषेच्या तारा नव्हत्याच.

टाइप-सीने इथे मोठा घोळ घातला आहे. पूर्वी तोंडावरून केबल ओळखता यायची, आता एकाच तोंडाच्या आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. टाइप-सीच्या जोडणीत २४ पिना असतात. त्यात यूएसबी २.० साठी तारांची एक जोडी आणि जलद वेगासाठी चार वेगळ्या जोड्या अशी सोय असते. पण चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये त्या चार जोड्या घालतच नाहीत. विजेच्या तारा, २.० ची एक जोडी, संपलं. तशी केबल प्रमाणित असू शकते, चांगल्या कंपनीची असू शकते, महागही असू शकते. लॅपटॉपबरोबर येणारी १०० वॉटची जाडजूड केबल बघून माणसाला वाटतं की हिच्यातून डेटाही धो धो जाईल. जाडी असते ती विजेसाठी. अशा पुष्कळ केबल डेटाच्या बाबतीत चाळीसवाल्याच निघतात. आयफोन १५ प्रोचा पोर्ट १० जीबीपीएसचा आहे, तरी त्याच्या खोक्यातली केबल यूएसबी २.० चीच येते. आणि साध्या आयफोन १५ चा तर पोर्टच २.० चा आहे, तिथे कुठलीही केबल लावा.

भावाने असं का केलं, तेही ऐका, कारण बहुतेकांचं असंच होतं. केसिंगबरोबर आलेली केबल होती वीतभर. त्याचा कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर. वीतभर केबल लावली तर डिस्क हवेत लोंबकळणार. म्हणून त्याने घरातली दीड मीटरची लांब केबल घेतली. दोन्ही टोकांना टाइप-सी, बसली, डिस्क दिसली, प्रश्न मिटला असं त्याला वाटलं. डिस्क दिसणं आणि डिस्क वेगाने चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यूएसबी याबाबत फार सोशिक आहे. जमेल त्या वेगाने जोडून घेते, तक्रार करत नाही.

जुन्या पोर्टेबल हार्ड डिस्क वापरणाऱ्यांसाठी याच रोगाचे आणखी दोन प्रकार आहेत. त्या डिस्कला जे रुंद, दोन भागांचं तोंड असतं, त्याच्या मोठ्या भागात जुनी मायक्रो-यूएसबीची केबल बसते आणि डिस्क चालूही होते, पण २.० वर. दुसरा प्रकार गमतीचा आहे. निळ्या टाइप-ए पिनमध्ये पुढे चार पट्ट्या २.० च्या आणि त्यामागे पाच पट्ट्या ३.० च्या असतात. पिन अगदी हळू, जपून आत सरकवली तर पुढच्या चार आधी टेकतात आणि कॉम्प्युटर डिस्कला २.० समजून नोंदवून मोकळा होतो. उपाय एवढाच: डिस्क रीतसर इजेक्ट करा, पिन काढा आणि एका दमात घुसवा. हार्ड डिस्कवाल्यांनी हेही लक्षात ठेवावं की आत फिरणारी तबकडी असेल तर सगळं बरोबर असूनही १२० ते १४० च्या आसपासच मिळतं, आणि डिस्क भरत आली की आतल्या कडेला त्याहून कमी. तिथे केबल बदलून काही होणार नाही. पण हार्ड डिस्कवरही सपाट चाळीस दिसले तर दोषी केबलच किंवा पोर्टच.

आधी जोडणीचा वेग वाचा

वेग मोजायच्या आधी एक गोष्ट बघायची असते जी फार थोडे लोक बघतात. डिस्क लावली की पोर्ट आणि केसिंग आपसात वेग ठरवतात, आणि तो ठरलेला वेग कॉम्प्युटरला माहीत असतो. कॉपी न करता, पाच सेकंदांत तो वाचता येतो.

लिनक्सवर हे सगळ्यात सोपं आहे:

```
lsusb -t
```

भावाकडे मी माझा लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू केला तेव्हा त्याच्या डिस्कची ओळ अशी होती:

```
|__ Port 004: Dev 007, If 0, Class=Mass Storage, Driver=uas, 480M
```

शेवटचा `480M` म्हणजे निकाल. तिथे `5000M`, `10000M` किंवा `20000M` असायला हवं. त्याआधीचं `Driver=uas` हे चांगलं लक्षण: केसिंग एका वेळी अनेक मागण्या हाताळतं. तिथे `usb-storage` दिसलं तर एका वेळी एकच मागणी, उत्तर आल्यावर पुढची. मोठ्या फाईलला त्याने फरक कमी पडतो, पण हजारो छोट्या फोटोंच्या फोल्डरला चांगलाच पडतो.

विंडोजमध्ये ही माहिती सहज हाताशी नाही. `UsbTreeView` नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे, तो उघडून डावीकडच्या झाडात आपली डिस्क निवडली की उजवीकडे जोडणीचा वेग दिसतो. यात नावांचा सापळा आहे. `High-Speed` वाचून खूश होऊ नका, ते यूएसबी २.० चं नाव आहे, म्हणजे आपले चाळीस. ५ जीबीपीएसचं नाव `SuperSpeed` आणि त्यावरच्या वेगांचं `SuperSpeedPlus`. उपकरण कितीपर्यंत जाऊ शकतं आणि सध्या कितीवर आहे, हे दोन्ही तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं. या दोन ओळींत फरक असेल तर केसिंग निर्दोष आहे, अडथळा केबल किंवा पोर्टमध्ये आहे.

मॅकवर ऑप्शनची कळ दाबून सफरचंदाच्या मेनूत गेलं की सिस्टम इन्फर्मेशन मिळतं. तिथे यूएसबीच्या यादीत डिस्कसमोर `Up to 480 Mb/s`, `Up to 5 Gb/s` किंवा `Up to 10 Gb/s` असं लिहिलेलं सापडेल.

टाइप-सीसाठी एक फुकटची चाचणी आहे जी मला फार आवडते. ४८० दिसत असेल तर एका टोकाची पिन काढून उलटी करून लावा. पिन कुठल्याही बाजूने बसते खरी, पण जलद वेगाच्या तारांच्या जोड्या बाजूप्रमाणे बदलतात. ५ आणि १० जीबीपीएसच्या जोडणीत चारपैकी दोनच जोड्या वापरात असतात, कुठल्या दोन ते पिनच्या दिशेवर ठरतं. २.० ची जोडी मात्र दोन्ही दिशांना चालते. म्हणून एका बाजूने `10000M` आणि दुसऱ्या बाजूने `480M` असं दिसलं, तर केबलची एखादी तार तुटली आहे किंवा पोर्टची एक बाजू मळली आहे, झिजली आहे. दुसरी केबल लावूनही तसंच झालं तर पोर्ट, नाही तर केबल. दोन्ही दिशांनी ४८० च येत असेल तर बहुधा ती केबल चार्जिंगचीच.

केबल बदलली, आकडा ४३०

आता भावाची वीतभर केबल काढली, डिस्क हातात धरली आणि पुढच्या त्याच टाइप-सी पोर्टात लावली. `5000M`. कॉपीचा आकडा चाळीसवरून ४३० वर. दहापट. त्याच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. पण केसिंग २० जीबीपीएसचं, केबल त्याच्याच खोक्यातली, मग ५ का?

५ जीबीपीएसला आठने भागलं तर ६२५ येतात, पण या वेगात प्रत्येक आठ बिटांसाठी तारेवरून दहा बिट पाठवावे लागतात, म्हणजे राहिले ५००. बाकीचा खर्च वजा जाता ४०० ते ४५०. त्यामुळे ४३० च्या आसपास सपाट आकडा दिसला की डोळे मिटून म्हणावं, कुठेतरी ५ जीबीपीएसची जोडणी आहे.

इथे ती पोर्टात होती. कॅबिनेट उघडून पाहिलं तर पुढच्या टाइप-सीची आतली वायर एका अडॅप्टरमधून मदरबोर्डवरच्या १९ पिनांच्या जोडणीवर, म्हणजे हेडरवर गेलेली. तो हेडर यूएसबी ३.० च्या जमान्यातला, पोर्टमागे ५ जीबीपीएस. बाहेर तोंड नव्या पद्धतीचं, आत वाट जुनी. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने फसवलं असं म्हणता येणार नाही, त्या बोर्डवर पुढच्या टाइप-सीचा स्वतंत्र हेडरच नव्हता.

आणि नावांचा गोंधळ तर विचारू नका. यूएसबी ३.० आलं २००८ मध्ये, ५ जीबीपीएसचं. २०१३ मध्ये त्याच ५ जीबीपीएसला ३.१ जेन १ म्हणायला लागले, आणि २०१७ मध्ये ३.२ जेन १. वेग तोच, बारसं तीनदा. त्यामुळे लॅपटॉपच्या जाहिरातीत नुसतं "यूएसबी ३.२" लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही, ५, १० आणि २० या तिन्हींना ते नाव लागू पडतं. जेन १ म्हणजे ५, जेन २ म्हणजे १०, जेन २ बाय २ म्हणजे २०. यूएसबीचे नियम करणाऱ्या संस्थेने २०२२ पासून सरळ वेगाचा आकडाच छापा असं सुचवलं आहे. खरेदी करताना मी तरी आवृत्तीकडे बघणं सोडलं आहे. जीबीपीएसचा आकडा लिहिलेला नसेल तर ती वस्तू ५ चीच धरायची.

लॅपटॉपवाल्यांना पुढच्या हेडरचा त्रास नाही, पण हब आणि मॉनिटरचा आहे, आणि तो जास्त फसवा. एका टाइप-सी हबला एचडीएमआयने ४के मॉनिटर जोडलाय आणि त्याच हबला डिस्क. मॉनिटर चालू असताना डिस्क चाळीसवर, मॉनिटर काढला की ४३० वर. लोक डिस्क बदलतात, केबल बदलतात, काही फरक पडत नाही. कारण असं की चित्राचा सिग्नल त्याच चार जलद जोड्यांमधून जातो. काही हब ४के चित्र ६० हर्ट्झला दाखवण्यासाठी चारही जोड्या चित्राला देऊन टाकतात, आणि डेटासाठी उरते फक्त २.० ची जोडी. काही हब दोन जोड्या चित्राला आणि दोन डेटाला ठेवतात; तिथे डिस्क वेगात राहते, पण ४के चित्र ३० हर्ट्झवर येऊ शकतं. टाइप-सी मॉनिटरच्या पाठीमागे यूएसबी पोर्ट असतील तर त्याच्या मेनूत बऱ्याचदा हीच निवड दिलेली असते: चित्राला प्राधान्य की डेटाला. थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ च्या डॉकमध्ये ही ओढाताण अशी होत नाही. साध्या हबवर काम असेल तर डिस्क सरळ लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावणं हाच शहाणपणा.

मागचा पोर्ट, आकडा १०००

भावाच्या कॅबिनेटच्या मागे, मदरबोर्डवरच एक टाइप-सी पोर्ट होता आणि बोर्डच्या माहितीपुस्तिकेत त्यापुढे ३.२ जेन २ लिहिलेलं होतं. डिस्क तिथे लावली. `10000M`, कॉपीचा आकडा हजारच्या जरा वर. १० जीबीपीएसमध्ये बिटांची बांधणी काटकसरीची आहे, १२८ ला १३२, म्हणून इथे वाया कमी जातं आणि १००० ते १०५० हातात येतात.

"आता दोन हजार कसे करायचे?" हा प्रश्न आलाच.

त्याच्या कॉम्प्युटरवर होणार नव्हते. केसिंगवरचे २० जीबीपीएस म्हणजे जेन २ बाय २. त्यात १० ची एक जोडणी न वापरता १० च्या दोन एकदम वापरतात, म्हणजे टाइप-सीच्या चारही जोड्या कामाला लागतात. यासाठी कॉम्प्युटरचा पोर्टही बाय २ वाला लागतो, आणि तसे पोर्ट फार थोड्या बोर्डांवर आणि त्याहून थोड्या लॅपटॉपवर आहेत. टाइप-ए पोर्टातून तर ते शक्यच नाही, तिथे एवढ्या तारा नसतात. समोरचा पोर्ट बाय २ वाला नसेल तर केसिंग १० वर येऊन थांबतं.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो मॅकवाल्यांना. पुष्कळ मॅकचा पोर्ट थंडरबोल्टचा, ४० जीबीपीएसचा. चाळीसच्या पोर्टात वीसचं केसिंग लावलं तर वीस मिळायला हवेत असं कोणालाही वाटेल. पण थंडरबोल्टचे चाळीस आणि यूएसबीचे बाय २ वाले वीस हे वेगवेगळे मार्ग आहेत, आणि अशा मॅकचे पोर्ट दुसरा मार्ग बोलतच नाहीत. त्यामुळे तिथेही १० च. यूएसबी ४ असलेल्या विंडोज लॅपटॉपमध्येही बाय २ हा ऐच्छिक भाग आहे, काहींत असतो, काहींत नसतो. मॅकवर हजारच्या वर जायचं असेल तर यूएसबी ४ किंवा थंडरबोल्टचं केसिंगच घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत बरीच चढी असते. माझं मत विचाराल तर २० वालं केसिंग, आपला पोर्ट बाय २ आहे याची खात्री नसताना, घेऊच नये. १० वाल्यापेक्षा जास्त पैसे मोजून १० च मिळतात.

भावासाठी बाय २ चं वेगळं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवता आलं असतं. मी नको म्हटलं. का, ते पुढे येतं.

केसिंगच्या आत

केसिंग हा नुसता डबा नसतो. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला डिस्कची भाषा, आणि मध्ये भाषांतर करणारी एक चिप. वेगाची कमाल मर्यादा ती ठरवते. बाजारातल्या बहुतेक एनव्हीएमई केसिंगमध्ये जेमायक्रॉनची जेएमएस५८३, रिअलटेकची आरटीएल९२१० किंवा एएसमीडियाची एएसएम२३६२ यांपैकी एक असते आणि या तिन्ही १० जीबीपीएसच्या आहेत. २० साठी एएसएम२३६४ सारखी वेगळी चिप लागते. विक्रीच्या पानावर चिपचं नाव नसेल तर `lsusb` मध्ये कंपनीचा क्रमांक तरी दिसतो: `152d` जेमायक्रॉन, `0bda` रिअलटेक, `174c` एएसमीडिया. नमुना बहुधा केसिंगच्या आत सर्किटवरच छापलेला असतो. दोन स्क्रू काढले की दिसतो.

आत डिस्क कुठली आहे हेही बघा. एम.२ आकाराच्या पट्टीत दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. साटाच्या पट्टीला टोकाशी बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या पट्टीला बहुधा एक. पण खाचांवर पूर्ण भिस्त नको, लेबल वाचा. दोन्ही जाती चालवणारी केसिंग मिळतात, आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेली साटा पट्टी त्यात घातली की आकडा ५३० ते ५५० वर अडतो. ही साटाची स्वतःची, ६ जीबीपीएसची मर्यादा. १० च्या पोर्टावर, चांगल्या केबलवर, आकडा ५५० च्या वर जातच नाही असं दिसलं की बाहेर काही शोधू नका.

आणि मग आकडा मध्येच कोसळला

मागच्या पोर्टावर भावाने पुन्हा तेच २४० जीबी लावले. शंभर जीबीपर्यंत हजार, आणि मग एकदम ३५० वर. त्याने लगेच केबलकडे हात नेला. मी थांबवलं.

केबल, पोर्ट आणि केसिंगची मर्यादा पहिल्या सेकंदापासून असते आणि सपाट असते. सुरुवातीला जोरात आणि मग पायरी उतरल्यासारखा खाली, हा दुसराच प्रकार आहे. स्वस्त एसएसडी आपल्या मोकळ्या जागेचा काही भाग झटपट लिहिण्यासाठी वापरते. तो भरला की मूळ वेगाने, म्हणजे बऱ्याच हळू, लिहायला लागते. डिस्क जितकी भरलेली, तितकी ही सोय कमी. काही वेळा हीच पायरी उष्णतेने येते: केसिंगला हात लावून चटका बसत असेल आणि दहा मिनिटं थांबल्यावर पुन्हा सुरुवातीला वेग मिळत असेल तर आतली थर्मल पट्टी नीट बसलीय का बघा, ती बरेच जण लावायलाच विसरतात. भावाचं केसिंग कोमट होतं, म्हणजे पहिलंच कारण.

आता कार्ड नको का म्हटलं त्याचा हिशोब. मागच्या पोर्टावर पहिले १०० जीबी हजारने शंभर सेकंदात, उरलेले १४० जीबी ३५० ने चारशे सेकंदात: सगळे मिळून साधारण साडेआठ मिनिटं. २००० चा पोर्ट मिळाला असता तर पहिल्या भागातले पन्नास सेकंद वाचले असते, दुसरा भाग तसाच. पन्नास सेकंदांसाठी कार्ड कोण घेतं? शंभर मिनिटांवरून साडेआठवर आणणारं काम जवळजवळ सगळं केबलने केलं होतं. पोर्ट बदलण्याचा खरा फायदा झाला तो एडिटिंगला, कारण वाचताना ती झटपट जागा भरण्याचा प्रश्न येत नाही आणि हजार कायम मिळतात.

तुम्ही स्वतः मोजणार असाल तर एकच मोठी फाईल घ्या, दहा जीबीच्या वरची, आणि ती कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवरून कॉपी करा. फुटेज आतल्या हार्ड डिस्कवर असेल तर १५०-२०० च्या वर काहीच दिसणार नाही आणि दोष बाहेरच्या डिस्कवर येईल. फोटोंच्या फोल्डरने तर मोजूच नका.

उरला प्रश्न लांबीचा. मागच्या पोर्टापासून टेबलापर्यंत वीतभर केबल पोचत नव्हतीच. १० जीबीपीएससाठी साध्या केबलची लांबी साधारण मीटरभर धरावी; त्यापुढे गेलं, किंवा मध्ये एक्स्टेंशन जोडलं, की जोडणी ५ वर उतरू शकते, किंवा १० वर राहून चुका होतात आणि डिस्क अधूनमधून गायब होते. लिनक्सवर `dmesg` मध्ये `reset SuperSpeed` अशा ओळी पुन्हा पुन्हा आल्या तर तेच चाललेलं असतं. भाऊ सांगलीला दुकानात गेला तो डिस्क आणि लॅपटॉप बरोबर घेऊनच. दुकानदाराने काढलेल्या पहिल्या दोन केबलवर "फास्ट" लिहिलेलं होतं आणि किती वॉटची तेही. दोन्ही `High-Speed` निघाल्या. तिसरीच्या तोंडावर बारीक १० कोरलेलं होतं, ती लावल्यावर `SuperSpeedPlus` दिसलं, मग त्याने पैसे दिले. जुन्या दीड मीटरच्या केबलला आता लाल टेप गुंडाळलेली आहे, कारण त्याच्या हाताखालचा पोरगा आठवड्यातून एकदा तरी तीच उचलतो.